रॉम घ्यावी की पीएलए? बूलियन फंक्शन बसवताना आणि ॲरेचा आकार काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना सर्वांत जास्त वेळा माझ्यासमोर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत दोनच उदाहरणं आहेत. एक हातानं सोडवता येईल इतकं लहान, तीन बिटांच्या संख्येचा वर्ग. दुसरं खऱ्या यंत्रातलं, कमोडोर ६४ या १९८२च्या घरगुती संगणकातली पीएलए चिप. पहिल्यात रॉम जिंकते, दुसऱ्यात पीएलए, आणि का ते कळलं की आकार काढणं अवघड राहत नाही.

रॉम तर मेमरी आहे, तिच्यात फंक्शन कसं बसतं?

रॉमच्या आत दोन भाग असतात. पहिला डीकोडर. त्याला n ॲड्रेस लाइन दिल्या की तो 2^n ओळींपैकी नेमकी एक ओळ उचलतो. डीकोडरची प्रत्येक ओळ म्हणजे एक मिनटर्म, आणि हा भाग कारखान्यातच पक्का झालेला असतो, आपल्याला त्याला हात लावता येत नाही. दुसरा भाग म्हणजे त्या ओळींना छेदणाऱ्या आउटपुटच्या उभ्या तारा. कोणत्या छेदावर १ ठेवायचा आणि कुठे ०, एवढंच आपण ठरवतो. म्हणजे अँडचा भाग पक्का आणि ऑरचा भाग आपला.

म्हणून रॉममध्ये फंक्शन बसवायचं म्हणजे ट्रुथ टेबल जसंच्या तसं उतरवायचं. के-मॅप नको, सोपं रूप काढणं नको. इनपुट ॲड्रेस पिनांना जोडायचे, आउटपुट डेटा पिनांवरून घ्यायचे.

रॉमचा आकार कसा काढायचा? परीक्षेत नेमका इथेच गुण जातो.

सूत्र एका ओळीचं आहे:

```
ROM bits = 2^n × m
```

n म्हणजे इनपुट, m म्हणजे आउटपुट. गुण जातात ते सूत्र चुकल्यामुळे नाही, तर n आणि m मोजण्याआधी टेबलाकडे नीट न पाहिल्यामुळे.

तीन बिटांच्या संख्येचा वर्ग घ्या. इनपुट A2 A1 A0, म्हणजे ० ते ७. सर्वांत मोठा वर्ग ४९, त्याला सहा बिट लागतात, B5 ते B0. पहिल्या झटक्यात उत्तर येतं ८ × ६, म्हणजे ४८ बिट. आता टेबल पाहा:

```
A2A1A0   वर्ग   B5 B4 B3 B2 B1 B0
 000       0    0  0  0  0  0  0
 001       1    0  0  0  0  0  1
 010       4    0  0  0  1  0  0
 011       9    0  0  1  0  0  1
 100      16    0  1  0  0  0  0
 101      25    0  1  1  0  0  1
 110      36    1  0  0  1  0  0
 111      49    1  1  0  0  0  1
```

B1 च्या रकान्यात सगळी शून्यं आहेत, तेव्हा ती तार सरळ ग्राउंडला. B0 चा रकाना A0 शी तंतोतंत जुळतो, कारण विषम संख्येचा वर्ग विषम आणि समाचा सम, तेव्हा तिथे नुसती तार पुरते. रॉमनं सांभाळायचे ते फक्त B5 ते B2. आकार ८ × ४, म्हणजे ३२ बिट. क्रमानं आठ शब्द असे: 0, 0, 1, 2, 4, 6, 9, C.

आउटपुट काढून टाकला तर बचत प्रमाणात होते. इनपुट काढून टाकता आला तर रॉम थेट निम्मी होते. एखादा इनपुट ० असो की १, सगळे आउटपुट तेच राहत असतील, तर तो इनपुट ॲड्रेसला जोडायचाच कशाला? हे आधी तपासावं.

पीएलएमध्ये वेगळं काय असतं?

पीएलएमध्ये अँडचा भागही आपल्या हातात असतो. प्रत्येक इनपुट सरळ आणि उलटा अशा दोन तारांनी आत जातो. प्रत्येक प्रॉडक्ट टर्म म्हणजे या 2n तारांना जोडता येणारा एक अँड गेट. टर्ममध्ये हवे तेवढेच इनपुट ठेवायचे, बाकीच्यांच्या जोडण्या तोडायच्या. मग या टर्म हव्या त्या आउटपुटच्या ऑरला जोडायच्या. एकच टर्म दोन-तीन आउटपुटांना वापरता येते, आणि पीएलएमधली खरी बचत इथूनच येते.

पीएएल ही नावानं जवळची पण वेगळी चिप. तिच्यात अँडचा भाग आपला आणि ऑरचा पक्का, म्हणून तिथे टर्म वाटून घेता येत नाही. PAL16L8 मध्ये प्रत्येक आउटपुटच्या वाट्याला सात टर्म येतात. शेजारच्याच्या चार रिकाम्या असल्या तरी त्या आपल्या नाहीत.

पीएलएचा आकार कधी n × k × m लिहितात, कधी जोडण्यांची संख्या. खरं कोणतं?

दोन्ही, पण अर्थ वेगळे. ३ × ५ × ४ हे चिपचं वर्णन आहे: तीन इनपुट, पाच टर्म, चार आउटपुट. हा गुणाकार नाही. विद्यार्थी ३ × ५ × ४ = ६० असं करून मोकळे होतात, त्या ६० ला काहीही अर्थ नाही. जोडण्या अशा मोजायच्या:

```
PLA links = 2·n·k + k·m + m
```

पहिला तुकडा अँडच्या भागाचा. दोनानं गुणायचं ते सरळ आणि उलट्या तारांमुळे. दुसरा तुकडा ऑरचा. शेवटचे m आउटपुटच्या टोकाला बसणाऱ्या एक्स-ऑर गेटचे, ज्यांनी आउटपुट सरळ घ्यायचा की उलटा ते ठरतं. ही सोय नसलेली पीएलए असेल तर शेवटचा तुकडा वगळा.

सूत्रात n नुसता गुणक म्हणून येतो, घातांक म्हणून नाही. रॉमला एक इनपुट वाढवला की ती दुप्पट होते. पीएलएला एक इनपुट वाढवला आणि टर्म तेवढ्याच राहिल्या तर 2k जोडण्या वाढतात. सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे.

वर्गाचं उदाहरण पीएलएवर करून दाखवा.

प्रत्येक आउटपुट सुटा सोडवला की हे मिळतं (टिंब म्हणजे अँड, ' म्हणजे उलटा):

```
B5 = A2·A1
B4 = A2·A1' + A2·A0
B3 = A2'·A1·A0 + A2·A1'·A0
B2 = A1·A0'
```

वेगवेगळ्या टर्म सहा, आणि दोन आउटपुटांत सामायिक अशी एकही नाही. बरेच जण इथे थांबतात. पण B4 उलटा करून पाहा. तो ४, ५, ७ वर १ आहे, म्हणजे उलटा 0, 1, 2, 3, 6 वर १ असेल:

```
B4' = A2' + A1·A0'
```

यातली `A1·A0'` ही टर्म B2 साठी आपण आधीच घेतली आहे. म्हणजे B4' ला नवी टर्म लागली फक्त `A2'`. एकूण टर्म सहावरून पाचवर आल्या. B4 च्या टोकाचा एक्स-ऑर उलटा करायचा की काम झालं. प्रोग्रामिंगचं कोष्टक असं:

```
A2A1A0   B5 B4* B3 B2
 1 1 -    1  0  0  0
 - 1 0    0  1  0  1
 0 - -    0  1  0  0
 0 1 1    0  0  1  0
 1 0 1    0  0  1  0
```

आडवी रेघ म्हणजे त्या टर्मला त्या इनपुटशी देणंघेणं नाही. B4 वरची चांदणी म्हणजे हा रकाना उलट्या आउटपुटचा आहे. ती खूण कोष्टकात केलीच पाहिजे, नाहीतर बोर्डवर चार, पाच, सातऐवजी बाकीच्या पाच संख्यांवर B4 पेटतो.

आता आकार: 2·3·5 + 5·4 + 4 = 54 जोडण्या. रॉम ३२ बिटांत बसली होती.

म्हणजे इतकी खटपट करून पीएलए मोठीच निघाली?

हो, आणि ते लपवण्यासारखं नाही. तीन इनपुट आणि चार आउटपुट असताना पीएलएला प्रत्येक टर्ममागे 2·3 + 4 = 10 जोडण्या पडतात. रॉमच्या ३२ बिटांखाली यायचं तर दोनच टर्ममध्ये सगळं बसायला हवं. B3 एकट्यालाच दोन लागतात. इनपुट कमी असले की रॉम घ्यावी. चार-पाच इनपुटांपर्यंत मी शंकासुद्धा घेत नाही.

मग पीएलए कुठे जिंकते? खरं उदाहरण द्या.

सिग्नेटिक्सची 82S100 ही चिप १९७५ची. सोळा इनपुट, अठ्ठेचाळीस टर्म, आठ आउटपुट. सूत्रात घाला:

```
2·16·48 + 48·8 + 8 = 1536 + 384 + 8 = 1928
2^16 × 8           = 65536 × 8      = 524288
```

वरची ओळ पीएलएची, खालची तेवढ्याच इनपुट-आउटपुटच्या रॉमची. फरक सुमारे २७२ पटींचा.

कमोडोर ६४ च्या सुरुवातीच्या बोर्डांवर हीच चिप ॲड्रेस डीकोडिंगला होती. प्रोसेसरनं ॲड्रेस दिला की बेसिकची रॉम उघडायची, कर्नलची, अक्षरांची, इनपुट-आउटपुट की रॅम, हे ती ठरवते. तिच्या सोळा इनपुटांत प्रोसेसरच्या वरच्या चार ॲड्रेस लाइन आहेत, व्हिडिओ चिपच्या काही लाइन आहेत, सॉफ्टवेअरनं हलवायच्या तीन नियंत्रण लाइन आहेत आणि मागच्या कार्ट्रिजच्या दोन.

बेसिक रॉम उघडण्याची अट एकाच टर्ममध्ये येते:

```
LORAM · HIRAM · A15 · A14' · A13 · AEC' · RW · GAME
```

`A15 · A14' · A13` म्हणजे $A000 ते $BFFF हा पट्टा. बाकीच्या लाइन सांगतात की बेसिक बंद केलेलं नाही, ताबा प्रोसेसरकडे आहे, वाचन चालू आहे आणि कार्ट्रिजनं जागा मागितलेली नाही. सोळापैकी आठ इनपुट या टर्ममध्ये आहेत, आठ नाहीत. पीएलएमध्ये ही एक ओळ. रॉममध्ये नसलेल्या आठ इनपुटांचे सगळे मेळ लिहावे लागतात, म्हणजे 2^8 = 256 ठिकाणी तोच बिट. ॲड्रेस डीकोडिंगची बहुतेक फंक्शन्स अशीच असतात: इनपुट भरपूर, पण प्रत्येक अट मोजक्याच इनपुटांकडे पाहणारी.

पण लोक ती पीएलए काढून ईप्रॉम बसवतात, ते कसं चालतं?

27C512 या ईप्रॉमला सोळा ॲड्रेस लाइन आणि आठ डेटा लाइन असतात, म्हणजे बरोबर ५,२४,२८८ बिट. वर काढलेला आकडा तोच. पिनांची जुळवाजुळव करणारी छोटी पट्टी मध्ये घातली की तर्काच्या दृष्टीनं दोन्ही चिपा सारख्याच. कित्येक यंत्रं तशी चालतातही. पण काही यंत्रं मधूनच अडकतात, आणि ट्रुथ टेबल कितीही तपासलं तरी त्यात चूक सापडत नाही. हा प्रश्न आकाराचा नसून वेळेचा आहे.

वरची बेसिकची टर्म पुन्हा पाहा. तिच्यात A12 नाही. A12 बदलला तर पीएलएमधल्या त्या अँड गेटला ते कळतही नाही, आउटपुट जागचा हलत नाही. ईप्रॉममध्ये A12 बदलला की आतला डीकोडर वेगळ्याच पेशीकडे जातो. तिथेही तोच बिट लिहिलेला आहे, पण एका पेशीवरून दुसरीकडे जाताना काही नॅनोसेकंद आउटपुटवर काय दिसेल याची हमी उत्पादक देत नाही. त्याची हमी ॲक्सेस टाइम संपल्यानंतरची असते. तेवढ्या वेळात एक बारीक टोक उमटू शकतं.

दिव्याला किंवा सात खंडांच्या डिस्प्लेला या टोकाचं काही नाही, डोळ्याला ते दिसतच नाही. पण याच चिपचा एक आउटपुट डायनॅमिक रॅमला स्तंभाचा ॲड्रेस पकडायला सांगणाऱ्या कॅस लाइनला जातो, आणि ती लाइन कडेवर काम करते. खोटी कड आली की रॅम चुकीचा स्तंभ पकडते. म्हणून त्याच ईप्रॉमवर एक यंत्र नीट चालतं आणि वेगळ्या रॅम चिपांचं दुसरं अडकतं. लॉजिक प्रोबवर हे धरता येत नाही. ऑसिलोस्कोप कॅस लाइनवर लावून, ॲड्रेस बदलतानाच्या क्षणाशी ट्रिगर जुळवूनच पाहावं लागतं.

वेगाची अडचण वेगळी. 82S100 ची मर्यादा ५० नॅनोसेकंदांची. जुन्या खोक्यातून काढलेली १५० किंवा २०० नॅनोसेकंदांची ईप्रॉम इथे चालणार नाही.

माझा नियम: रॉमचा आउटपुट क्लॉक, लॅच इनेबल, राइट किंवा कॅस अशा कडेवर चालणाऱ्या लाइनला सरळ जोडायचा नाही. मध्ये रजिस्टर घालून आउटपुट स्थिर झाल्यावर पकडा, किंवा त्या लाइनपुरतं फंक्शन गेटांनी करा.

माझ्या फंक्शनला पीएलए योग्य आहे की नाही, हे आधी कसं ओळखू?

इनपुट किती यापेक्षा टर्म किती होतात ते पाहा. पॅरिटीचं फंक्शन घ्या. आठ बिटांत विषम संख्येनं १ आले तर आउटपुट १. के-मॅपवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी येते, दोन घरं शेजारी येतच नाहीत, त्यामुळे गट पडत नाही. 2^7 = 128 मिनटर्म, आणि त्या सगळ्या टर्म म्हणून लिहाव्या लागतात. उलटं करूनही उपयोग नाही, कारण उलट्या फंक्शनलाही १२८च लागतात. 82S100 मध्ये अठ्ठेचाळीसच आहेत, म्हणजे तिच्यावर सहा बिटांची पॅरिटी (३२ टर्म) बसते, सात बिटांची (६४ टर्म) बसत नाही. आठ बिटांची पॅरिटी रॉममध्ये मात्र २५६ बिटांत संपते.

बेरीज, गुणाकार, वर्ग, साइनचं कोष्टक, कोड बदलणं यांत जवळजवळ प्रत्येक इनपुट प्रत्येक आउटपुटवर परिणाम करतो. अशी फंक्शन्स रॉमकडे झुकतात. नियंत्रण, निवड, ॲड्रेस डीकोडिंग ही पीएलएकडे.

डोन्ट-केअर असतील तर?

रॉमला त्यांचा फायदा शून्य. बीसीडीवरून सात खंडांचा डिस्प्ले चालवताना १० ते १५ या सहा ओळी कधी येणार नसल्या तरी त्या सहा जागा चिपमध्ये असतातच. त्यात सोयीचं काहीतरी लिहा. मी सगळे खंड विझवणारा शब्द लिहितो, म्हणजे चुकीचा कोड आला तर डिस्प्ले कोरा दिसतो आणि चूक कळते. पीएलएमध्ये मात्र डोन्ट-केअरमुळे गट मोठे होतात आणि टर्म कमी होतात, तिथे ते वापरलेच पाहिजेत.

टर्म चिपपेक्षा जास्त होत असतील तर पहिला उपाय कोणता?

प्रत्येक आउटपुट सरळ आणि उलटा दोन्ही करून पाहणं. त्यानंतर सामायिक टर्म शोधणं. एक सूचना महत्त्वाची आहे: प्रत्येक आउटपुटचं स्वतंत्र सर्वांत लहान रूप घेऊन बेरीज केली की एकूण टर्म सर्वांत कमी येतातच असं नाही. कधी एका आउटपुटला थोडी लांब टर्म दिली तर ती दुसऱ्यालाही चालते आणि एकूण संख्या घटते. पीएलएमध्ये टर्म लांब की आखूड याला पैसे पडत नाहीत, ओळ एकच लागते.

हातानं हे चार इनपुटांपुढे जमत नाही. बर्कलीची एस्प्रेसो ही आज्ञावली नेमकी यासाठीच आहे. फाइलमध्ये ट्रुथ टेबल द्यायचं:

```
.i 3
.o 4
000 0000
001 0000
010 0001
011 0010
100 0100
101 0110
110 1001
111 1100
.e
```

नुसतं `espresso square.pla` म्हटलं तर आउटपुट सरळ धरून उत्तर येतं. उलटं करून बघायचं असेल तर `espresso -Dopo square.pla`.

एवढ्यानंही बसत नसेल तर आउटपुट दोन चिपांत वाटा. वाटताना ज्यांच्या टर्म सामायिक आहेत ते एकाच चिपमध्ये ठेवा.

हवी तेवढी रॉम मिळत नसेल तर लहान रॉम जोडून मोठी कशी करायची?

शब्दाची रुंदी वाढवायची तर चिपा शेजारी ठेवून ॲड्रेस समान द्यायचा. शब्दांची संख्या वाढवायची तर वरच्या ॲड्रेस लाइन डीकोडरला देऊन त्यातून चिप सिलेक्ट काढायचा. २५६ × ४ च्या चिपांतून १०२४ × ८ करायला चार ओळी आणि प्रत्येकीत दोन, म्हणजे आठ चिपा, आणि वरच्या दोन ॲड्रेस लाइनसाठी एक २-ते-४ डीकोडर.

उलट, चिप गरजेपेक्षा मोठी असेल तर उरलेल्या ॲड्रेस पिना ग्राउंडला बांधा. मोकळ्या सोडल्या तर हात जवळ नेला तरी उत्तर बदलतं.

प्रोग्राम बरोबर आहे, तरी काही उत्तरं चुकतात. कुठे पाहू?

आधी ॲड्रेस पिनांचा क्रम. हे माझ्या हातून झालं आहे. वर्गाच्या रॉमला A2 आणि A0 उलटे जोडले गेले. ०, २, ५, ७ दिले की उत्तरं अचूक येत होती, कारण 000, 010, 101, 111 उलटे वाचले तरी तेच राहतात. १ दिला की १७, ४ दिला की ०, ३ ला ३७ आणि ६ ला ८. मी आधी ०, २, ५, ७ हेच तपासले आणि बोर्ड ठीक आहे म्हणून बाजूला ठेवला. त्यानंतर प्रत्येक ॲड्रेस लाइन एकेकटी १ करून बघितल्याशिवाय, म्हणजे १, २, ४, ८ अशा संख्यांशिवाय, मी कोणतीही रॉम तपासलेली मानत नाही.

मग कोऱ्या चिपची खूण. पुसलेल्या ईप्रॉममध्ये सगळे बिट १ असतात, तेव्हा सगळीकडे FF दिसलं तर लेखन झालेलंच नाही. कोऱ्या 82S100 मध्ये सगळ्या जोडण्या शाबूत असतात, म्हणजे प्रत्येक टर्ममध्ये प्रत्येक इनपुट सरळही आणि उलटाही. त्यांचा अँड कायम ०. एखादी टर्म कधीच पेटत नसेल तर तिच्या एखाद्या इनपुटच्या दोन्ही जोडण्या राहून गेल्या आहेत का ते पाहा. उलट, टर्म नको तिथेही पेटत असेल तर जी राहायला हवी होती ती जोडणी तुटली आहे. फ्यूजच्या चिपमध्ये तुटलेलं परत जुळत नाही. नवी टर्म शिल्लक असेल तर जुनीला सगळ्या ऑरपासून तोडून नवीत लिहायचं.

आज एफपीजीएच्या काळात हे मोजायचं कशाला?

कारण आतमध्ये हेच आहे. झायलिंक्सच्या ७-सीरिजमधला सहा इनपुटांचा लुकअप टेबल म्हणजे ६४ × १ ची छोटी रॉम. त्यात पॅरिटी घाला की अँड घाला, जागा तेवढीच लागते. सातवा इनपुट आला की दोन टेबलं लागतात, वर एक मल्टिप्लेक्सर. त्याच कंपनीच्या कूलरनर-२ या सीपीएलडीत मात्र प्रत्येक ब्लॉकमध्ये खरा पीएलए आहे: चाळीस इनपुट, छप्पन्न टर्म, आणि त्या सोळा मॅक्रोसेलनी वाटून घ्यायच्या. तिथे डिझाइन बसलं नाही तर फिटरच्या अहवालात आधी टर्मचा आकडा पाहा, आणि कुठे रुंद पॅरिटी किंवा बेरीज शिरली आहे का ते शोधा.